धागा: तारीख जवळ आलेलं पनीर, दही, दूध कधी आणि कुणाला काढावं? (गल्लीतली डेअरी)

धायरीची_डेअरी
नमस्कार. धायरीत आमची डेअरी आहे, मी आणि माझे धाकटे दीर मिळून बघतो. पिशवीचं दूध, पाकिटातलं पनीर, कपातलं दही, ताक, लस्सी, थोडं श्रीखंड आणि ब्रेड एवढा माल ठेवतो. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा वहीत फेकलेला माल लिहिला. खरेदीच्या भावाने ६,४०० रुपये झाले. त्यात जवळजवळ निम्मं पनीर, मग दही, आणि पावसाच्या दिवसांत उरलेल्या दुधाच्या पिशव्या. वितरक फक्त गळक्या पिशव्या परत घेतो, तारीख गेलेलं काही घेत नाही.

आत्ता आम्ही असं करतो: शेवटच्या दिवशी रात्री आठला पाकिटांवर "अर्धी किंमत" लिहून काउंटरवर ठेवतो. थोडं जातं, थोडं उरतं. आता तर दोन-तीन गिऱ्हाइकं साडेसातला येऊन विचारतात, "आज काही आहे का अर्ध्यात?" हीच माणसं आधी पूर्ण भावाने न्यायची. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण त्यांना ही सवय आम्हीच लावली.

सूट नक्की कधी सुरू करावी? आणि खानावळ, चहावाले यांच्याशी बोलून कुणी काही जमवलं आहे का? पनीरचा हिशेब देते: २०० ग्रॅमचं पाकीट आम्हाला ७८ ला पडतं, ९० ला विकतो.

किराणा_नगरवाले
ताई, वेळ ठरलेली असू द्या. रोज रात्री आठ म्हणजे आठ. लोकांना कळलं की गर्दी होते आणि सुटीच्या मालाबरोबर ते ब्रेड, अंडीही नेतात. मी बिस्किटं, फरसाण असंच काढतो. आणि दूध उरलं तर सरळ पनीर काढायचं. दूध एका दिवसात जातं, पनीरला पुढे चार दिवस मिळतात.

वाचक_सिंहगडरोड
माझ्याकडेही हाच प्रश्न आहे. रविवारी जास्त पनीर आणलं जातं आणि बुधवारपर्यंत फ्रीजमध्ये पडून राहतं. ते फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालेल का? भाजीत रबरासारखं लागतं.

धायरीची_डेअरी
@वाचक_सिंहगडरोड, माझा प्रश्न दुकानातल्या मालाचा होता, पण सांगते. घरी फ्रीजर चालतो. आधी तुकडे करून ठेवा आणि भाजीत घालण्यापूर्वी दहा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा. दुकानात मात्र मी असं करून विकू शकत नाही. पाकिटावर साठवणीची पद्धत छापलेली असते, आणि गोठवल्याने तारीख काही पुढे जात नाही.

जुना_गवळी
माझी साताऱ्यात बावीस वर्षं डेअरी आहे. ताई, वही घातलीत हे फार चांगलं केलंत, आता त्याच वहीत आणखी एक रकाना घाला. कोणतं पाकीट दिवसाच्या कोणत्या वेळी गेलं? सकाळ की संध्याकाळ, एवढंच. पंधरा दिवसांत चित्र दिसायला लागेल.

आपण तारखेला "दोन दिवस आहेत" म्हणतो आणि तिथेच फसतो. दिवस मोजू नका, विक्रीच्या वेळा मोजा. डेअरीला दिवसात दोनच खऱ्या वेळा असतात, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ. पनीर सकाळी जवळजवळ जातच नाही. आणि शेवटची संध्याकाळ तर निम्मीच धरायची, कारण त्या वेळी येणारं माणूस उद्याच्या डब्यासाठी पनीर नेत असतं. त्याला आजच संपणारं पाकीट अर्ध्या किमतीतही नको असतं. तुमच्या अर्ध्या किमतीच्या टेबलावर माल उरतो तो म्हणूनच.

तुमच्याच भावाने उदाहरण करतो. समजा बुधवारी संपणारी १२ पाकिटं मंगळवारी सकाळी फ्रीजमध्ये आहेत. वहीप्रमाणे मंगळवारी संध्याकाळी ३ जातात, बुधवारी सकाळी १, बुधवारी संध्याकाळी ४. ही शेवटची संध्याकाळ म्हणून त्या चारांचे २ धरा. झाली ६. म्हणजे खरी जास्तीची पाकिटं सहाच आहेत, बारा नाहीत. बाकीची सहा पूर्ण भावाने जाणारच, त्यांना हात लावू नका. जास्तीची सहा मंगळवारी दुपारीच बाजूला काढा. चार खानावळीला ७२ ने द्या, दोन त्याच संध्याकाळी ८० ने काउंटरवर ठेवा. चार बाहत्तरी २८८ आणि दोन ऐंशी १६०, मिळून ४४८. खरेदी ४६८. वीस रुपयांत सुटलात.

तुमच्या सध्याच्या पद्धतीत हीच सहा बुधवारी रात्री ४५ ला निघतात. त्यातली चार गेली असं धरलं तर १८० आले, दोन कचऱ्यात. तोटा २८८. आणि एक पाकीट फेकलं की साडेसहा पाकिटांचा नफा जातो, हे डोक्यात असू द्या. ७८ भागिले १२, बाकी काही नाही.

पोळीभाजी_हडपसर
मी दुसऱ्या बाजूची, खानावळ चालवते. रोज दोन्ही वेळचे मिळून साधारण दीडशे डबे. गवळीदादांचा हिशेब वाचला, पण ७२ ने मी का घेऊ? मला सुटं पनीर घाऊकमध्ये ३२० रुपये किलोने दारात येऊन पडतं. म्हणजे २०० ग्रॅमला ६४. त्यात ते ताजं असतं आणि मला पाकिटं कापत बसावं लागत नाही. तुमचं तारखेचं पाकीट मी ६० ला घेईन, त्याच्या वर नाही.

आणि भावापेक्षा मला वेळ महत्त्वाची आहे. रात्री नऊला फोन येतो, "ताई, दोन किलो पनीर आहे, घेताय का?" त्या वेळी माझी उद्याची भाजी ठरलेली असते, मटकी भिजत पडलेली असते. मग मी घेऊन करू काय? मला चार-साडेचारपर्यंत कळलं तरच उपयोग. आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी बऱ्याच डब्यांत चिकन जातं. त्या दिवशी शाकाहारी डब्याला पनीर द्यावंच लागतं, नाहीतर लोक नाराज होतात. म्हणून मंगळवारी आणि शनिवारी दुपारी निरोप आला तर मी हमखास घेते. सोमवारी आलात तर नाही म्हणेन.

दही मात्र मी कोणत्याही दिवशी घेते. कढीला मला आंबटच लागतं, ताजं गोड दही घेतलं तर वरून चिंच किंवा लिंबू घालावं लागतं.

जुना_गवळी
ताईंचं बरोबर आहे. साताऱ्यात माझा खानावळवाला पाकीटच घेतो, म्हणून मी त्या भावाने बोललो. ६० धरा. चार साठी २४० आणि १६०, ४०० झाले. तोटा ६८. तरी २८८ पेक्षा बराच बरा, आणि तो मंगळवारीच कळतो, बुधवारी रात्री नाही.

@किराणा_नगरवाले, तुमचा ठरलेल्या वेळेचा मुद्दा बिस्किटाला लागू पडतो. बिस्किटाला महिनाभर असतो आणि स्वस्त मिळालं म्हणून माणूस एक पुडा जास्त नेतं. दूध-दही स्वस्त झालं म्हणून घरात कुणी दुप्पट खात नाही. आज अर्ध्यात नेलं की उद्याची पूर्ण भावाची खरेदी बुडते.

दुधाचं पनीर काढायची कल्पना वाईट नाही, पण तीन गोष्टी बघा. एक, गाईच्या एक लिटर दुधाचं दीडशे ग्रॅमच्या आसपास पनीर पडतं, म्हशीच्या दुधाचं दोनशेपर्यंत. गाईचं दूध ५६ ने घेतलं असेल तर किलोभर पनीरला सुमारे पावणेसात लिटर, म्हणजे पावणेचारशे रुपयांचं नुसतं दूध, वर गॅस. घाऊकमध्ये ते ३२० ला मिळतं. म्हणून हा नफ्याचा धंदा होत नाही, फेकण्यापेक्षा बरं एवढंच. दोन, शेवटच्या दिवसाच्या दुधात आंबटपणा चढलेला असतो. त्याचं पनीर भुसभुशीत होतं, कढईत तुटतं आणि चवीलाही लागतं. करायचं तर तारखेच्या आदल्या दिवशी करा. तीन, तुमचा परवाना फक्त विक्रीचा असेल तर पनीर काढणं हे उत्पादन झालं. त्याची नोंद परवान्यात असायला हवी. तारीख उलटलेली पिशवी मात्र पनीरलाच काय, कशालाच वापरायची नाही.

किराणा_नगरवाले
परवान्याचं माझ्या लक्षात नव्हतं, मान्य. पण ठरलेली वेळ मी सोडणार नाही. माझ्याकडे रात्री आठला येणारी माणसं वेगळी आहेत, कारखान्यातून सुटलेली, एकटी राहणारी. ती पूर्ण भावाने कधी घेतच नव्हती. तुमच्याकडे घरगुती वस्ती असेल म्हणून नुकसान होत असेल.

जुना_गवळी
तसंही असू शकतं. मी एमआयडीसीजवळ दुकान चालवलेलं नाही.

हिशोबनीस
मी पेशाने लेखापाल, एका छोट्या दुकानाचा हिशेब बघतो. एक शंका. एकाच फ्रीजमध्ये ८० चं आणि ९० चं पाकीट शेजारी ठेवलं तर कुणीही ८० चंच उचलेल ना? मग जी सहा पूर्ण भावाने जाणार होती, त्यांच्याजागी सुटीतली दोन जातील आणि शेवटी उरायची तेवढीच उरतील.

धायरीची_डेअरी
हो, आमच्याकडे नेमकं हेच होतं. त्यात लोक हात आत घालून मागची पाकिटं काढतात, पुढची जुनी तशीच राहतात.

जुना_गवळी
म्हणून मी सुटीचं पाकीट फ्रीजच्या काचेत दिसूच देत नाही. ते काउंटरच्या आत वेगळ्या ट्रेमध्ये असतं आणि गिऱ्हाईक बघून मी तोंडी विचारतो. जी बाई पालक-मेथी घेऊन आलेली दिसते, तिला विचारायचं, "आज रात्रीच करणार असाल तर हे घ्या, उद्याची तारीख आहे, दहा रुपये कमी." तिला तारीख स्वतः दाखवायची, लपवायची नाही. अशी दोन पाकिटं घालवायला दोनच माणसं लागतात. सहा-सात घालवायची असली तर ही पद्धत पुरत नाही, तिथे खानावळच हवी.

मागून काढण्याच्या सवयीवर माझ्याकडे एकच उपाय आहे. आदल्या तारखेचा माल संपेपर्यंत नवा माल समोरच्या फ्रीजमध्ये लावायचाच नाही. तो आतल्या फ्रीजमध्ये ठेवायचा. ज्याच्याकडे एकच फ्रीज आहे त्याला हे अवघड जातं.

अमृततुल्य_कात्रज
चहाच्या दुधाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मला बऱ्याच डेअरीवाल्यांनी शेवटच्या दिवसाच्या पिशव्या देऊ केल्या. लिटरमागे चार-पाच रुपये कमी. मी एकदा घेतल्या आणि दुपारच्या गर्दीत आख्खं पातेलं फाटलं. आमच्या चहात आलं पडतं. दूध थोडं जरी चढलेलं असेल तरी नुसतं उकळताना ते तग धरतं आणि आलं पडलं की फाटतं. पाच लिटर दूध, साखर, पावडर सगळं ओतून द्यावं लागलं आणि समोर वीस माणसं उभी.

आता मी एकाच डेअरीकडून घेतो, कारण तो देण्यापूर्वी त्या ट्रेमधली एक पिशवी फोडून वाटीभर दूध उकळून बघतो. कडेला बारीक कण दिसले तर तो ट्रे देत नाही. आणि तो सकाळी साडेदहाला देतो, दुपारी तीनच्या चहाला ते वापरून संपतं. संध्याकाळी देणाऱ्याकडून मी घेत नाही.

धायरीची_डेअरी
ही वाटीभर दूध उकळून बघायची गोष्ट मी उद्यापासून करते. आमच्याकडे गुरुवारी दुपारी बऱ्याचदा दोन-तीन तास वीज जाते. त्या दिवशी तारीख असूनही दूध लवकर जातं, हे जाणवायचं, पण बघायचं कसं ते कळत नव्हतं.

जुना_गवळी
वीज गेली त्या दिवशी तारखेवर विसंबू नका. पाकिटावरची तारीख ही थंडीत सलग राहिलेल्या मालाची असते. दह्याच्या कपाचं झाकण बोटाने दाबून बघा. सपाट किंवा किंचित आत गेलेलं असेल तर ठीक. टम्म फुगलेलं असेल तर आत वायू झालाय, तो कप तारखेत असला तरी कुणाला द्यायचा नाही, कढीलासुद्धा नाही. वर नुसतं पाणी सुटलेलं असेल तर ते हलल्यामुळे असतं, त्याची भीती नको. पनीरचं पाकीट आतून बुळबुळीत झालं, पाणी पिवळसर दिसलं की बाजूला. असा माल सुटीत काढायचा नसतो, खानावळीला तर मुळीच नाही. एकदा दीडशे डब्यांना त्रास झाला की तुमचं आणि त्यांचं दोन्ही दुकानं बंद.

पोळीभाजी_हडपसर
म्हणूनच मी बिलावर तारीख आणि बॅच नंबर लिहून मागते. तपासणी आली तर मला दाखवता आलं पाहिजे की माल तारखेत असताना घेतला आणि तारखेच्या आतच शिजवला. काही डेअरीवाल्यांना याचा राग येतो. त्यांच्याकडून मी घेत नाही.

धायरीची_डेअरी
(पाच आठवड्यांनी)
सगळ्यांना कळवायचं होतं, म्हणून पुन्हा लिहिते.

आमच्याच रस्त्यावर एक खानावळ आहे. तिथल्या काकूंशी बोलले. असं ठरलं: मंगळवारी आणि शनिवारी चार वाजता मी व्हॉट्सॲपवर आकडा पाठवायचा, शून्य ते दहा पाकिटं. शून्य असेल तरी पाठवायचा. भाव ६०, बिलावर तारीख. दह्याचे कप कधीही, गुरुवारी त्या कढी करतात म्हणून बुधवारी दुपारी जास्त घेतात. दीर सकाळी मोजणी करतात, वहीत वेळा बघून जास्तीची पाकिटं आतल्या ट्रेमध्ये काढतात.

अर्ध्या किमतीची पाटी काढून टाकली. पहिला आठवडा दोघं-तिघं रुसली. एक आजोबा तर म्हणाले, "आता आमच्यासारख्यांनी खायचं काय?" त्यांना मी तसंच घरी जाऊ दिलं नाही. रात्री खरंच उरलेलं एखादं पाकीट असलं तर मी त्यांना स्वतः बोलावून देते, पाटी न लावता. हा हिशेबाचा भाग नाही, पण मला तसं करावंसं वाटलं.

गेल्या चार आठवड्यांत फेकलेला माल २,३०० चा. खानावळीला कमी भावाने दिलेल्याचा तोटा वेगळा धरला तर आणखी साडेसहाशे. म्हणजे सगळा मिळून तीन हजारांच्या आत.

एक चूकही झाली, ती लिहायलाच हवी. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी सहज विचारलं, "या रविवारी एक वाढदिवस आहे, वीस पाकिटं मिळतील का?" दिरांनी हो म्हटलं आणि वितरकाकडे मागणी वाढवली. ती पाकिटं ताजी आली, ७८ ला पडली आणि दिली ६० ने. वीस पाकिटांवर ३६० गेले. मग दोन दिवस मी पाहिलं, दीर मागणी लिहिताना म्हणत होते, "जास्त आलं तरी काकू घेतीलच." तिथेच मी थांबवलं. आता आमच्यात ठरलं आहे की रोजची मागणी लिहिताना खानावळीचा विचारच करायचा नाही. त्यांना वेगळं हवं असेल तर वेगळा भाव, ८६.

जुना_गवळी
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. माझी दोन वर्षं याच्यात गेली. उरलेलं घेणारं माणूस मिळालं की आपण नकळत उरवायला लागतो. दर सोमवारी बघा, खानावळीला गेलेला आकडा वाढतोय का. वाढत असेल तर दुकानाच्या मागणीतच कुठेतरी जास्त लिहिलं जातंय.

हिशोबनीस
त्या साडेसहाशेला मी वेगळा रकाना देईन. फेकलेलं आणि कमी भावाने दिलेलं एकत्र लिहिलं तर हीच गोष्ट झाकली जाते.

धायरीची_डेअरी
रकाना आजपासून घालते. दुधाचं मात्र अजून सुटलेलं नाही. चहावाला वाटी उकळून दाखवली तरी तीनपेक्षा जास्त पिशव्या घेत नाही, आणि पावसाच्या दिवशी शाळेला सुट्टी लागली की आमच्याकडे पंधरा उरतात. मागणी आदल्या संध्याकाळी सातपर्यंत द्यावी लागते, सुट्टी कळते रात्री दहाला. त्या वेळेनंतर मागणी कमी करून देणारा वितरक कुणाला माहीत आहे का? की पावसाळ्यात रोजच दहा पिशव्या कमी मागवून, एखाद्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवायचं?

अमृततुल्य_कात्रज
पावसात मला उलट जास्त दूध लागतं, चहा दुपटीने जातो. रात्री दहाला सुट्टी कळली की लगेच मेसेज टाका. उद्याच्या तारखेचं नसेल, परवाचं असेल, तर माझ्यासारखा कुणीही दहा पिशव्या घेईल. धायरी माझ्यापासून लांब आहे, पण तुमच्या चौकात विचारून बघा.

धायरीची_डेअरी
परवाच्या तारखेचं म्हणजे त्याच सकाळी आलेलंच दूध. शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही, सकाळी सातलाच फोन करायचा. हे पनीरसारखंच झालं, माझ्या लक्षात कसं आलं नाही. चौकात दोन टपऱ्या आहेत, उद्या दोन्हीकडे जाऊन येते आणि इथे लिहिते.